एसीतला स्टोल: ऊब कापडात नसते, कोरड्या हवेत असते

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास ऐकू येते, आणि ती करणाऱ्या बहुतेक जणी नोकरदार असतात. "डॉक्टर, बाहेर घामाघूम होते आणि ऑफिसात गेल्यावर दात वाजतात. मान आखडते. स्टोल घेते, तरी थंडी जात नाही." हातातला स्टोल पाहिला तर तो चांगला जाडजूड असतो. मग तो काम का करत नाही?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. वातानुकूलित बस आणि वातानुकूलित कचेरी मिळून दिवसाचे नऊ-दहा तास होतात. तेवढा वेळ मानेला लागून असणारे कापड कोणते आणि ते कसे वापरायचे, याचा संबंध थंडीशी आहे तसाच त्वचेशीही आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. कानाला वारे लागले म्हणून सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बंद बसमध्ये शेजारचा प्रवासी शिंकला तर तुमच्या गळ्यातला स्टोल त्याला अडवू शकत नाही. स्टोलचे काम वेगळे आहे. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांतून जाणारी उष्णता त्याने रोखायची असते. अंगाला थंडी वाजली की आपण नकळत खांदे वर ओढून बसतो. तसे तासन्तास बसल्यावर मान दुखणारच. ऊब मिळाली की खांदे आपोआप खाली येतात.

कापड गरम नसते

लोकर 'गरम' आणि सुती कापड 'थंड', असे आपण म्हणतो. खरे तर कोणतेच कापड स्वतः गरम नसते. ऊब देते ती धाग्यांच्या मध्ये अडकलेली, न हलणारी हवा. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे, आणि स्टोलच्या दृष्टीने तोच तिचा गुण. लोकरीचा धागा कुरळा असल्यामुळे त्यात हवेचे असंख्य कप्पे तयार होतात. सुती धागा तुलनेने सपाट बसतो, म्हणून त्याच वजनात कमी हवा धरतो.

आता या कप्प्यांत हवेऐवजी पाणी गेले तर? पाणी स्थिर हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय ते वाळताना आणखी उष्णता खाते. मडक्यातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओला स्टोल मान गार करतो. थंडी न जाण्याचे पहिले कारण बहुधा हेच असते. स्टोल पातळ असतो असे नाही, तो ओला असतो.

एका सकाळचा हिशेब

समजा, एक बाई ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जातात. पावसाळ्याचे दिवस आहेत. घरापासून थांब्यापर्यंत पंधरा मिनिटे चालणे, भुरभुर पाऊस, दमट हवा. गळ्यात दीडशे ग्रॅमचा सुती स्टोल आहे. घाम आणि पाऊस मिळून त्यात ३० ग्रॅम पाणी मुरले, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. स्टोल पिळला तर थेंबही पडणार नाही. हाताला तो 'किंचित दमट' लागेल, इतकेच.

बाई वातानुकूलित बसमध्ये बसतात. डोक्यावरच्या झरोक्यातून थंड, कोरडा झोत मानेवर येतो आणि पाणी उडू लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ३० ग्रॅमना लागतील सुमारे १७ किलोकॅलरी. शांत बसलेले शरीर तासाभरात साधारण ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे स्टोल वाळवण्यासाठी तासाभराच्या उष्णतेच्या एक पंचमांशाइतकी उष्णता खर्च होते. तिचा काही भाग बसमधली हवा देते हे खरे, पण कापडाचा जो भाग त्वचेला चिकटलेला असतो, तो आपला वाटा मान आणि खांदे यांच्याकडूनच वसूल करतो. बाईंना वाटते, स्टोल पातळ पडला. त्या दुसऱ्या दिवशी अधिक जाड सुती स्टोल घेतात. तो अधिक पाणी धरतो, अधिक वेळ ओला राहतो आणि हिशेब आणखी बिघडतो.

कोणता धागा किती पाणी पितो

कापड हाताला कोरडे लागत असले, तरी त्यात हवेतला ओलावा असतोच. वस्त्रोद्योगात हा ओलावा ठरावीक हवामानात, म्हणजे २० अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रता असताना मोजतात. त्या मोजणीत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरतो, रेशीम अकरा टक्के, व्हिस्कोस अकरा ते तेरा टक्के आणि लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर मात्र अर्धा टक्काही धरत नाही, आणि अॅक्रिलिक दीड-दोन टक्के.

यात गंमत अशी, की सगळ्यांत जास्त ओलावा धरणारी लोकर थोडी दमट असताना ओली लागत नाही. ओलावा तिच्या धाग्याच्या आत मुरतो, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि कुरळेपणामुळे हवेचे कप्पे टिकतात. सुती कापडात मात्र ओले धागे एकमेकांना आणि त्वचेला चिकटतात. पॉलिस्टरमध्ये पाणी धाग्याच्या आत जातच नाही. ते दोन धाग्यांच्या मधल्या फटीत किंवा आपल्या कातडीवर राहते. म्हणून ते कापड लवकर वाळते, पण उकाड्यात चिकचिक करते.

लोकरीची आणखी एक खोड लक्षात ठेवायला हवी. ओलावा शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते आणि ओलावा सोडताना तेवढीच परत घेते. थंड प्रदेशातला माणूस कोरड्या घरातून दमट थंडीत बाहेर पडतो, तेव्हा हा गुण त्याच्या फायद्याचा असतो. आपला प्रवास नेमका उलटा आहे. आपण दमट उकाड्यातून कोरड्या गारव्यात शिरतो. लोकरीचा स्टोल गळ्यात घालून पावसाळी रस्त्यावर चाललात, तर ती बाहेर उकडवेल आणि आत गेल्यावर साठवलेला ओलावा सोडताना ऊब कमी करेल. पैसे खर्चून घेतलेला चांगला स्टोलही असा वाया जातो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. एसीत घालायचा स्टोल रस्त्यावर घालायचा नाही. तो घरून कोरडा, प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत बंद करून न्यायचा. बसमध्ये बसल्यावर आधी रुमालाने मान पुसायची, दोन-तीन मिनिटे घाम जिरू द्यायचा आणि मगच स्टोल घ्यायचा. कापड न बदलता केवळ एवढे केले, तरी फरक जाणवतो.

दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याभोवती जो स्कार्फ गुंडाळतात, त्यालाही हेच लागू आहे. त्या स्कार्फमध्ये रस्त्याची धूळ, धूर आणि घाम असतो. तोच दिवसभर ऑफिसात खांद्यावर घेऊ नये. रस्त्याचा वेगळा, ऑफिसचा वेगळा. आणि दुचाकीवर किंवा रिक्षात स्टोलची टोके मोकळी सोडू नयेत. चाकात अडकलेल्या ओढणीमुळे गळ्याला झालेल्या गंभीर जखमा आमच्यासारख्या रुग्णालयांना नवीन नाहीत.

बस आणि कचेरी यांची थंडी वेगळी

बसमध्ये थंडी वाऱ्याची असते. झोत थेट अंगावर येतो आणि सैल विणीच्या कापडातून आरपार जाऊन कप्प्यांतली उबदार हवा उडवून लावतो. हाताने विणलेला जाळीदार मफलर म्हणूनच बसमध्ये निकामी ठरतो. तिथे घट्ट विणीचे कापड हवे. कापड डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे पाहा. धाग्यांमधून प्रकाशाचे ठिपके स्पष्ट दिसत असतील, तर वाराही तिथूनच येणार. शक्य असेल तर आधी डोक्यावरचा झरोका फिरवून घ्यावा. तो फुकटचा उपाय आहे.

कचेरीत झोत बहुधा सौम्य असतो, पण थंडी दीर्घकाळ असते. तिथे वारा अडवण्यापेक्षा हवा धरून ठेवणे महत्त्वाचे. तिथे मऊ, किंचित फुगीर कापड उपयोगी पडते. तेच कापड दुहेरी घडी करून खांद्यावर घेतले, तर मधल्या हवेचा थर वाढतो. गळ्याभोवती करकचून गुंडाळले, तर हवा दाबली जाते आणि ऊब कमी होते.

एकाच स्टोलमध्ये दोन्ही हवे असेल, तर माझे उत्तर असे आहे: बारीक धाग्याच्या लोकरीचा, घट्ट विणलेला, हातमागाचा किंवा यंत्रमागाचा स्टोल. साधारण दोन मीटर लांब, सत्तर सेंटिमीटर रुंद आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा. आणि त्याच्या आत, मानेला लागून, मलमलीचा पातळ सुती रुमाल किंवा छोटा स्कार्फ. घाम मलमल टिपते, ऊब लोकर धरते. मलमल रोज धुता येते, लोकर रोज धुवावी लागत नाही. मलमल ओली झाली तर दुपारी बदलावी. पर्समध्ये दुसरा रुमाल ठेवायला कितीशी जागा लागते!

लोकर परवडत नसेल किंवा नको असेल, तर पातळ फ्लीसचा स्टोल हा चांगला पर्याय आहे. फ्लीस म्हणजे बहुधा पॉलिस्टरच, पण त्याचा पृष्ठभाग केसाळ केलेला असल्याने तो हवा धरतो, वजनाला हलका असतो आणि पटकन वाळतो. वारा मात्र त्यातून जातो, त्यामुळे तो बसपेक्षा कचेरीत बरा. अॅक्रिलिकही ऊब देते आणि स्वस्त असते. काही महिन्यांत त्यावर गोळे धरतात, एवढेच. विदर्भातला कोसा, म्हणजे टसर रेशीम, सौम्य एसीला पुरतो आणि दिसायलाही सुंदर. पण तो ओला झालेला नको. व्हिस्कोस मऊ, चमकदार आणि अंगावर छान पडणारे असते. ऊब मात्र त्यात जवळजवळ नसते, आणि ओले झाल्यावर ते लवकर वाळत नाही.

'पश्मीना' म्हणून काय मिळते

बाजारात चार-पाचशे रुपयांना जे 'पश्मीना' म्हणून विकले जाते, ते बहुतेक वेळा हेच व्हिस्कोस किंवा अॅक्रिलिक असते. खरी पश्मीना लडाखच्या उंच पठारावरील चांगथांगी शेळीच्या आतल्या मऊ लवीपासून बनते. तिचा धागा १२ ते १६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण सत्तराव्या भागाइतका बारीक असतो. तिची किंमत हजारांत असते. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा प्रयोग पुरावा नव्हे. पातळ व्हिस्कोसही अंगठीतून सहज जाते.

खात्री करायची असेल, तर झालरीतले दोन-तीन धागे चिमट्यात धरून, मोरीत किंवा सिंकवर, काडीने पेटवून पाहा. लोकर किंवा रेशीम असेल तर धागा आक्रसत जळतो, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडता येते. सुती आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात, वासही कागदाचाच येतो. पॉलिस्टर आणि अॅक्रिलिक वितळतात आणि थंड झाल्यावर न चुरडणारा टणक मणी उरतो. मिश्र कापडात या खुणा एकत्र दिसतात. मणी अजून गरम असताना त्याला हात लावू नका, चटका बसतो.

मान खाजते तेव्हा

"मला लोकरीची अॅलर्जी आहे," असे पुष्कळ जण सांगतात. लोकरीची खरी अॅलर्जी दुर्मिळ आहे. बहुतेकांना टोचते ते धाग्याच्या जाडीमुळे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड धाग्याचे टोक त्वचेत वाकत नाही, तर टोचते, आणि असे धागे शेकडा पाच असले तरी खाज सुटते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर अशीच जाड असते. तिच्या घोंगडीने धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या पावसात सांभाळले, पण ती कपड्यांवरून पांघरायची वस्तू आहे, उघड्या मानेवर घ्यायची नव्हे. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचा धागा २० मायक्रॉनच्या आत असतो आणि सहसा टोचत नाही. दुकानात स्टोल हातावर नव्हे, तर मानेच्या बाजूला दोन मिनिटे धरून पाहावा. तळहाताची कातडी जाड असते, तिला टोचणी कळत नाही.

मग खाज टोचणीची की आणखी कशाची, हे कसे ओळखायचे? स्टोल घेतल्यावर काही मिनिटांत चुणचुण आणि काढल्यावर लवकरच आराम, ही टोचणी. आत मलमल घेतली की ती थांबते. स्टोल वापरल्यावर एक-दोन दिवसांनी जिथे कापड घासते तिथेच लाल, खाजरे पुरळ आले आणि ते आठवडाभर टिकले, तर रंगाची अॅलर्जी असण्याची शक्यता असते. गडद निळे आणि काळे कृत्रिम कापड ज्या प्रकारच्या रंगांनी रंगवतात, त्यांतले काही रंग यासाठी ओळखले जातात. असा स्टोल धुऊनही उपयोग होत नाही, तो बंदच करावा. आणि कडेला उठावदार, मधे फिकट असे गोल चट्टे पसरत असतील, तर तो नायटा आहे. ओलसर कापड, घाम आणि एकमेकींचे स्टोल वापरणे यांमुळे तो फोफावतो. त्यावर दुकानदाराने दिलेले, स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नका. खाज चार दिवस थांबते आणि नायटा पसरतो, पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

आणखी एक खूण आहे, जिचा दोष उगाच स्टोलवर येतो. मानेची मागची बाजू काळी, जाडसर आणि मखमलीसारखी झाली असेल, तर ती घासून जात नाही, कारण तो मळ नव्हे आणि घर्षणाचा डागही नव्हे. वाढलेले वजन आणि इन्सुलिनला दाद न देणारे शरीर यांची ती अनेकदा पहिली खूण असते. अशा वेळी स्टोल बदलण्याऐवजी रक्तातली साखर तपासावी.

धुणे

सुती रुमाल रोज, गरम पाण्यात धुवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. घरात कुणाला नायटा असेल तर ६० अंशांचे पाणी वापरावे आणि ते कपडे वेगळे ठेवावेत. लोकरीचा स्टोल रोज न धुता घरी आल्यावर पंख्याखाली पसरून ठेवावा, म्हणजे ओलावा निघून जातो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा थंड पाण्यात सौम्य द्रव साबणाने बुडवून काढावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि आडवा वाळवावा. गरम पाण्यात चोळला तर तो आटतो, धागे एकमेकांत गुंततात, आणि हवेचे कप्पे गेले की ऊबही गेली.

सगळे करूनही थंडी वाजली तर

एक गोष्ट व्यवस्थापकांसाठी. कचेऱ्यांच्या तापमानाचे जुने मापदंड चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे शरीर किती उष्णता निर्माण करते हे धरून बेतले गेले, असे २०१५ साली डच संशोधकांनी दाखवून दिले. बायकांचे शरीर सरासरीने कमी उष्णता निर्माण करते. त्यामुळे शेजारच्या सहकाऱ्याला बरे वाटते तेव्हा तिला थंडी वाजणे हा नाजूकपणा नव्हे. आपल्या देशात जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू करताना मूळ तापमान २४ अंश असावे, असा नियम आहे. कचेरीतला काटाही तिथवर आणला, तर निम्मे स्टोल पर्समध्येच राहतील.

दम्याच्या रुग्णांनी बसमध्ये चढल्यावर पहिली काही मिनिटे मलमल नाकावरून सैल घ्यावी. श्वासाची ऊब आणि ओलावा कापडात अडकतो, आत जाणारी हवा कमी कोरडी होते आणि खोकल्याची उबळ टळू शकते. लोकरीचा तंतू सुटणारा भाग नाकाजवळ नको. श्वास लागतच असेल, तर स्टोलवर विसंबू नका, पंप सोबत हवा.

आणि कोरडा स्टोल, मानेला मलमल, २४ अंशांचा एसी, एवढे करूनही तुम्हालाच एकटीला थंडी वाजत असेल, त्यासोबत थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता, वाढते वजन किंवा पाळीत जास्त रक्तस्राव असेल, तर कापडाचा विचार थांबवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच या दोन तपासण्या करून घ्या. रक्तक्षय आणि मंदावलेले थायरॉइड ही आपल्याकडच्या बायकांमध्ये वारंवार आढळणारी कारणे आहेत, आणि दोन्हींवर स्वस्त, परिणामकारक गोळ्या आहेत. पश्मीनासुद्धा त्यांची जागा घेऊ शकत नाही.